एक तारखेचा कागद

आमच्या सहकारी बँकेच्या कर्जत शाखेत, प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर, एक कागद राहतो. ए-फोर आकाराचा, लॅमिनेशन केलेला, डाव्या कोपऱ्यात हवा शिरून थोडा फुगलेला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे, आणि खालची उजवी पट्टी पावसाळ्यात दरवर्षी सुटते. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे: ‘महिनाअखेरीस सकाळचा रिपोर्ट उशिरा का येतो? कर्मचाऱ्यांकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न’. एवढं बोलायला एक तारखेला वेळ कोणाला असतो? म्हणून शाखेत त्याला नुसतं ‘कागद’ म्हणतात. नेरळ, खोपोली, चौक, मोहोपाडा आणि खालापूर इथेही त्याची सख्खी भावंडं आहेत. नेरळच्या भावावर चहाचा डाग आहे, चौकचा उन्हाने पिवळा पडलाय. खोपोलीतल्याच्या मागे कुणीतरी लॉकरच्या किल्लीचा नंबर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. तो मी तपासणीला गेलो तेव्हा खोडायला लावला.

महिनाभर या कागदाकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याच्या अंगावर कॅलेंडरची सावली पडते, पाल फिरते, टोनर बदलताना उडालेली काळी पूड बसते. एक तारखेला सकाळी पावणेदहा वाजले की मात्र त्याचा भाव एकदम वाढतो. मॅनेजर साहेब केबिनमधून विचारतात, ‘आला का?’ वसुलीचे भाऊ मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत प्रिंटरपाशी उभे असतात. कॅशिअर मॅडमना रोकड किती मागवायची ते ठरवायचं असतं. प्रिंटर गप्प. मग नव्याने लागलेली क्लार्क मुलगी मुख्य कार्यालयाला फोन लावायला रिसीव्हर उचलते, आणि शिपाईमामा तिला मानेनेच भिंत दाखवतात. कागद वाचल्याशिवाय फोन करायचा नाही, असा नियम आहे. तो नियमही कागदाच्याच तळाशी छापलेला आहे, ठळक अक्षरात.

कागदाचा जन्म या फोनमुळेच झाला. दर एक तारखेला कॉम्प्युटर विभागातल्या दोन माणसांना सगळ्या शाखांचे फोन येत. प्रश्न तेच असायचे, उत्तरंही तीच, फक्त आवाज वेगळे. रात्रभर जागलेला माणूस सकाळी दहाला तेच उत्तर पुन्हा देताना जे बोलतो ते कागदावर छापता येत नाही. म्हणून एका निवांत दुपारी एका अधिकाऱ्याने आठ प्रश्न आणि आठ उत्तरं टाइप केली, वर बँकेचं बोधचिन्ह टाकलं आणि परिपत्रकासारखं सगळीकडे धाडून दिलं. त्या अधिकाऱ्याचा चिडका स्वभाव कागदात अजिबात उतरला नाही. कागद कमालीचा सभ्य आहे. ‘सर्व शाखांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करतो, कुणालाही दोष देत नाही आणि स्वतःकडेही घेत नाही. चाळीस वर्षं एकाच टेबलावर काढलेल्या हेडक्लार्कला जी भाषा येते ती त्याला जन्मतःच येते.

पहिला प्रश्न आहे: ‘रिपोर्ट कुठे अडकला आहे?’ उत्तर: ‘रिपोर्ट अडकलेला नसून रांगेत आहे.’ हे वाचून पहिल्यांदा सगळे हसतात. पण या उत्तरात कागद पूर्ण खरं बोलतो.

सकाळचा रिपोर्ट म्हणजे काही एक पान नव्हे. तो गठ्ठा असतो. त्यात आदल्या दिवसाची रोकड शिल्लक असते, आज मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी असते, मंजूर मर्यादेपेक्षा जास्त उचल झालेली खाती असतात, थकीत हप्त्यांची यादी असते, आणि अनुत्पादक झालेल्या किंवा होऊ घातलेल्या कर्जांची यादी असते. बँकेत कुणी ‘अनुत्पादक’ म्हणत नाही, ‘एनपीए’ म्हणतात. हा गठ्ठा तयार होतो तो ‘डे-एंड’ संपल्यावर. दिवसभराचे व्यवहार बंद करून, हिशेब जुळवून, मशीनची तारीख पुढे सरकवायची, हे ते काम. आधी सगळ्या शाखांची कॅश बंद व्हावी लागते आणि अर्धवट राहिलेली व्हाउचरं पास व्हावी लागतात. मग माहितीची एक प्रत काढून ठेवतात, म्हणजे मध्ये काही बिघडलं तर तिथून पुन्हा सुरू करता येतं. मग व्याजाची आकारणी, हप्त्यांची मागणी, थकबाकीचे दिवस मोजणं, सर्वसाधारण खातेवही जुळवणं आणि तारीख बदलणं. मग पुन्हा एक प्रत. आणि त्यानंतर, सगळ्यांच्या शेवटी, रिपोर्ट.

एकेक काम आधीच्या कामाच्या निकालावर उभं असल्यामुळे कुणालाही पुढे घुसता येत नाही. पळसदरीच्या पुढे खोपोलीकडे एकेरी रूळ आहे; सेक्शन मोकळा झाल्याशिवाय पुढची गाडी आत सोडत नाहीत, मग फलाटावरचे लोक कितीही घड्याळं बघोत. रिपोर्ट ही या मार्गावरची सगळ्यात शेवटची गाडी आहे.

एरवी शाखा सहाच्या सुमारास बंद होतात, आठला डे-एंड लागतो, साडेदहा-अकराला आटोपतो, आणि सकाळी कुलूप उघडेपर्यंत गठ्ठा प्रिंटरच्या दारात येऊन उभा असतो. महिनाअखेरीला तोच डे-एंड पहाटेपर्यंत चालतो. का, हा कागदाचा तिसरा प्रश्न, आणि इथे कागद थोडा आखडता हात घेतो. तो म्हणतो, ‘महिनाअखेरीस अतिरिक्त प्रक्रिया असतात.’ एवढंच. मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की मशीनला जास्त गणितं करावी लागतात. गणित तर रोजचंच असतं. रोज रात्री प्रत्येक कर्जखात्याचं त्या दिवसाचं व्याज काढून एका बाजूला टिपून ठेवतात. खात्यावर मात्र ते रोज पडत नाही. कर्जाचं व्याज महिन्याच्या महिन्याला नावे टाकायचं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक १ एप्रिल २००२ पासून आहे. (शेतीकर्ज त्यातून वगळलेलं आहे, त्याचा हिशेब पिकाच्या हंगामाने चालतो, म्हणून कर्जतच्या भातशेतीच्या पीककर्जाला ३१ तारखेशी काही देणंघेणं नसतं.) तेव्हा महिन्याच्या शेवटच्या रात्री मशीनचं खरं काम असतं ते लिहिण्याचं. बाकी प्रत्येक कर्जखात्यावर एक नोंद, तिच्यासमोर व्याज-उत्पन्नाच्या खात्यावर दुसरी, आणि या दोन्हींची खूण ठेवणारी तिसरी. मासिक व्याजाच्या ठेवी असतील तर त्या ठेवीदारांच्या बचत खात्यात जमा. उशिराच्या हप्त्यावरचा दंड असेल तर तो वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमाने दंडाला व्याज म्हणता येत नाही आणि त्याच्यावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. २०२४ पासून त्याची नोंद व्याजात मिसळत नाही, वेगळ्या कप्प्यात जाते. वाचायला सोपं, लिहायला वेळखाऊ. हजारो खात्यांवर असं लिहिताना मशीन दर नोंदीला तिची पक्की पावती घेऊनच पुढे जातं, कारण मध्येच वीज गेली तर कुठपर्यंत लिहून झालं ते कळलं पाहिजे. आणि जूनअखेरीला खालापूर तालुक्यात वीज जाणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही.

जुने लोक सांगतात, लेजरच्या काळात हेच काम माणसं करायची. बचत खात्याचं व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मिळायचं. रोजच्या शिलकेवर ते मिळायला लागलं १ एप्रिल २०१० पासून. रोजच्या शिलकेवर हाताने व्याज काढायचं म्हटलं असतं तर अख्ख्या स्टाफने राजीनामे दिले असते. तेव्हा मशीनला रात्र पुरत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं, असं कागदाचं न छापलेलं मत असावं.

चौथा प्रश्न हा कागदाचा अभिमान. ‘व्याज लागण्याआधीच रिपोर्ट काढून द्यायला काय हरकत आहे?’ त्याच्या उत्तराला कागदाने सहा ओळी दिल्यात, म्हणजे सगळ्यात जास्त. पण उदाहरण दिलेलं नाही, ते मी देतो.

खोपोलीत सिमेंट-खडीचा एक व्यापारी धरा. कॅश क्रेडिट मर्यादा १० लाख, व्याज १२ टक्के. समजा जुलैभर त्याची उचल ९ लाख ९५ हजारांवर स्थिर राहिली. ३१ जुलैच्या संध्याकाळी त्याच्या हातात अजून ५ हजार उचलायला शिल्लक आहेत. त्या क्षणी रिपोर्ट काढला तर त्याचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही, खातं स्वच्छ. रात्री व्याज पडतं. ९,९५,००० वर १२ टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज १०,१४०.८२ रुपये, म्हणजे रुपयात १०,१४१. बाकी झाली १०,०५,१४१. मर्यादेच्या वर ५,१४१ रुपये. झोपेतून उठेपर्यंत हा माणूस मर्यादा ओलांडून बसलेला असतो, आणि त्याला त्याची खबर नसते. एक तारखेला मॅनेजरने त्याला एक फोन केला तर तो दुपारपर्यंत पाच-सहा हजार भरून मोकळा होतो. न केला तर ती रक्कम तशीच पडून राहते, पुढच्या महिनाअखेरीला तिच्यावर आणखी व्याज बसतं, आणि सलग नव्वद दिवस मर्यादेच्या वर राहिलं की खातं एनपीए. मर्यादेत असूनही, नव्वद दिवसांत जमा झालेले पैसे त्या काळात लागलेल्या व्याजाइतके नसतील, तरीही तेच. म्हणजे महिनाअखेरीचा रिपोर्ट हा व्याजानंतरचाच हवा. व्याजाआधीचा रिपोर्ट वेळेवर येईल, पण जे सांगण्यासाठी तो काढायचा तेच त्यात नसेल.

याच्या उलटही घडतं. चौकच्या एका टेम्पोवाल्याचा हप्ता थकला होता. वसुलीच्या भाऊंनी दोन दिवस पाठपुरावा केला, आणि ३१ ला संध्याकाळी साडेसहाला तो पैसे घेऊन आला. शाखेने त्याच्यासाठी कॅश उघडी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उशिरा येणार म्हणून भाऊंनी आदल्या दिवशीचीच यादी उचलली आणि सव्वानऊला त्याला पुन्हा फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘भाऊ, काल भरले ना पैसे, पावती आहे, पाठवू का?’ असा फोन झाल्यावर त्या माणसाकडून पुढचा हप्ता वसूल करायला भाऊंनाच जड जातं.

कागद नाव घेत नाही, पण या सगळ्यामागे रिझर्व्ह बँकेचं १२ नोव्हेंबर २०२१ चं एक परिपत्रक आहे. डे-एंडला एवढं महत्त्व का, ते त्यात एका उदाहरणाने सांगितलंय. हप्त्याची तारीख ३१ मार्च २०२१ असेल आणि त्या दिवसाचा डे-एंड चालवेपर्यंत पैसे आले नाहीत, तर थकबाकीची तारीख ३१ मार्च. तशीच राहिली तर ३० एप्रिलला खातं ‘एसएमए-१’ या इशाऱ्याच्या वर्गात जातं, ३० मे ला ‘एसएमए-२’ मध्ये, आणि २९ जूनच्या डे-एंडला एनपीए होतं. शिवाय परिपत्रक असंही म्हणतं की डे-एंड घड्याळात किती वाजता चालला याने काही फरक पडत नाही. ज्या दिवसाचा तो डे-एंड आहे तीच तारीख धरायची. म्हणजे ३१ चा डे-एंड एक तारखेला पहाटे चारला संपला तरी त्याच्या दृष्टीने ती ३१ च असते. मशीन रात्रभर ३१ तारखेतच राहतं. बाहेर दूधवाले फिरायला लागतात, पहिली लोकल सुटते, आणि आत अजून कालचाच दिवस चालू असतो. ही अवस्था नव्या मुलांना समजावून सांगणं फार अवघड जातं. शिपाईमामा सांगतात, ‘पोरी, अजून कालच चालूय,’ आणि ते परिपत्रकापेक्षा लवकर कळतं.

खातं एनपीए झालं की आणखी एक काम वाढतं. उत्पन्नात धरलेलं पण वसूल न झालेलं व्याज उत्पन्नातून काढून वेगळ्या राखीव खात्यात टाकावं लागतं. आणि एनपीए ठरतं ते कर्जदारावरून. एकट्या खात्यापुरतं बघून चालत नाही. ज्याचं मोहोपाड्यातलं वाहनकर्ज थकलं त्याचं कर्जतमधलं सुरळीत चाललेलं गृहकर्जही त्याच रात्री एनपीए होतं. म्हणून मशीनला सगळ्या शाखांची खाती ग्राहक क्रमांकावर एकत्र आणून तपासावी लागतात, आणि म्हणूनच चौकची कॅश उघडी असेपर्यंत कर्जतचा रिपोर्ट निघू शकत नाही. ‘आमची शाखा तर सहाला बंद झाली होती, आमचा रिपोर्ट आधी का देत नाही?’ हा पाचवा प्रश्न कर्जतवाले दर महिन्याला विचारतात. कागदाचं उत्तर असतं: ‘प्रक्रिया केंद्रीय आहे.’ बरोबर आहे, पण कोरडं आहे. कर्जतच्या कर्जदाराचं दुसरं खातं चौकला असू शकतं, एवढं एक वाक्य टाकलं असतं तर हा प्रश्नच विचारला गेला नसता.

आता दहा पैशांची गोष्ट. वरचाच व्यापारी घ्या. रोजचं व्याज निघतं ३२७.१२३२८ रुपये. मशीनने रोज ते पैशापुरतं कापून ३२७.१२ असं टिपलं, तर ३१ दिवसांची बेरीज होते १०,१४०.७२. एकदम महिन्याचा हिशेब केला तर १०,१४०.८२. फरक दहा पैसे. एका खात्यावर हा फरक कुणाला दिसणारही नाही. हजारो खात्यांचे दहा-दहा, पाच-पाच पैसे जमून खातेवहीच्या एका बाजूला काहीशे रुपये जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असं होतं. त्यासाठी एक स्वतंत्र खातं ठेवलेलं असतं, फरक तिथे आपोआप बसतो. पण नवीन कर्जयोजना सुरू करताना हे खातं जोडायचं कुणी विसरलं, तर डे-एंड खातेवही जुळवण्याच्या टप्प्यावर येऊन थांबतो. पुढे जात नाही, मागेही जात नाही. रात्री दोनला कुणीतरी माणूस उठून ते जोडतो, आणि मशीन पुढे सरकतं. कागदाच्या सातव्या उत्तरात याला ‘तांत्रिक अडचण’ असं नाव आहे. असा थांबा ओळखायचा कसा? नुसत्या कामाच्या भाराने झालेला उशीर साधारण दर महिन्याला सारखाच असतो, तास-अर्ध्या तासाचा फरक. गठ्ठा एरवी एक तारखेला साडेदहाला येतो आणि एका महिन्याला दुपारी एकला आला, तर रात्री कुठेतरी मशीन थांबलं होतं, आणि बहुतेक वेळा त्या महिन्यात काहीतरी नवीन सुरू केलेलं असतं.

सहावं उत्तर वाचताना मात्र कागदाशी माझं पटत नाही. प्रश्न आहे: ‘उशीर कमी करण्यासाठी काय उपाययोजना आहे?’ कागद म्हणतो, ‘सर्व्हरची क्षमता वाढविण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.’ गेली काही वर्षं तो विचाराधीनच आहे. सर्व्हर वाढवल्याने लिहिण्याचं काम थोडं लवकर होईल, पण डे-एंड लागतोच दहाला, त्याचं काय? एरवी तो आठला लागतो. मधले दोन तास मशीनने खाल्लेले नाहीत, शाखांनी खाल्लेत. ३१ तारखेला ठेवीचं टार्गेट पुरं करायला कुणी ओळखीच्या ग्राहकाची वाट बघत बसतं, वसुलीच्या पैशांसाठी कॅश उघडी राहते, एखादं व्हाउचर पास करणारा अधिकारी चहाला गेलेला असतो. चौकने टेम्पोवाल्यासाठी साडेसहापर्यंत थांबणं मला मान्य आहे. त्या दिवशीच्या डे-एंडआधी आलेला पैसा त्या दिवसात धरला जातो आणि एखादं खातं त्यामुळे वाचतं. पण त्यानंतर आठपर्यंत शाखा उघडी का होती, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. कागदाला हे माहीत आहे. ज्या मुख्य कार्यालयाने त्याला जन्म दिला, तिथल्या पडद्यावर शेवटची शाखा कधी बंद झाली ती वेळ दिसते. पण शाखांच्या भिंतीवर राहायचं आणि शाखांचाच दोष काढायचा, हे सभ्य माणसाला जमत नाही. म्हणून तो सर्व्हरकडे बोट दाखवतो.

कागदाच्या वर्षात एकच एक तारीख अशी येते की त्याला कुणी काही विचारत नाही. ३१ मार्चची रात्र वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते. बचतीचं तिमाही व्याज, घसारा आणि नफा-तोट्याची खाती शून्यावर आणणं, सगळं त्याच रात्री. पण १ एप्रिलला बँक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असते, त्यामुळे गठ्ठा दुपारी आला काय आणि संध्याकाळी आला काय, काउंटरपलीकडे कुणीच उभं नसतं.

आठवा आणि शेवटचा प्रश्न कागदाने सर्वांत घाईत उरकलाय. ‘रिपोर्ट अचूक आहे हे कसे ओळखावे?’ उत्तर: ‘तारीख तपासावी.’ पण रिपोर्टच्या डोक्यावर तारखा दोन असतात. `As On Date` म्हणजे ज्या दिवसाचा हिशेब आहे ती, आणि `Run Date` म्हणजे ज्या क्षणी तो निघाला ती, वेळेसकट. एक ऑगस्टच्या सकाळी हातात आलेल्या गठ्ठ्यावर `As On Date` ३१ जुलै हवी आणि `Run Date` एक ऑगस्ट, पहाटेनंतरची. `As On Date` ३० जुलै असेल तर तो जुना गठ्ठा. आणि ३१ जुलै असूनही `Run Date` त्याच दिवशीची, रात्री नऊची असेल, तर तो कुणीतरी हौसेने डे-एंडच्या आधी काढलेला, व्याज न पडलेला. हा तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण वरची तारीख बरोबर दिसते, आणि वेळेवर आला म्हणून सगळे खूश असतात. एका तपासणीत मला एकाच शाखेत, एकाच फाइलला, एकाच दिवसाचे असे दोन गठ्ठे लावलेले सापडले. मर्यादा ओलांडलेल्या खात्यांच्या यादीत पहिल्यात तीन नावं होती आणि दुसऱ्यात त्याहून कितीतरी जास्त. वसुली पहिल्या यादीवर चालली होती.

एक प्रश्न कागदावर नाही, कारण तो कुणी विचारलाच नाही: सगळ्या गठ्ठ्याने शेवटच्या पानासाठी का थांबायचं? कॅशिअर मॅडमना रोकड शिल्लक हवी असते, ती शाखा बंद झाली त्या क्षणीच ठरलेली असते. रात्रीच्या व्याजाने तिजोरीतली एक नोटही कमी-जास्त होत नाही. ठेवीची मुदत कधी संपणार हे तर ठेव उघडली त्याच दिवशी ठरतं. ही दोन पानं आदल्या संध्याकाळीच काढून देता येतात. व्याजानंतरची खरी गरज मर्यादा, थकबाकी आणि एनपीए या तीन याद्यांनाच आहे. गठ्ठा एकत्र निघतो तो केवळ सुरुवातीला कुणीतरी तो एकत्र बांधला म्हणून. कॅशिअर मॅडम दर एक तारखेला खोळंबतात त्याला ना सर्व्हर कारणीभूत आहे ना शाखा.

या वेळच्या तपासणी अहवालात मी तीन गोष्टी लिहिल्या. रोकड आणि मुदत संपणाऱ्या ठेवींचं पान वेगळं करावं, सहाव्या उत्तरात शेवटची शाखा बंद झाल्याची वेळ दर महिन्याला छापावी, आणि आठव्या उत्तरात दोन्ही तारखांचा खुलासा करावा. अंमलबजावणी होईल तेव्हा होईल. तोवर शाखांतल्या मित्रमैत्रिणींना एवढंच सांगणं आहे: एक तारखेला गठ्ठा हातात आला की नावांआधी `Run Date` ची वेळ वाचा, आणि ३१ तारखेला शेवटचा वसुलीचा पैसा जमा झाला की ताबडतोब कॅश बंद करा.